शोरूममध्ये गुप्त ग्राहक पाठवताना काय नोंदवायचं आणि पोरांना कसं सांगायचं

प्रश्न: दारव्ह्याला माझं दुचाकीचं शोरूम आहे. चार सेल्समन आहेत. खेड्यातून येणारे लोक म्हणतात, तुमची पोरं कपडे पाहून बोलतात. मी समोर असलो की सगळे नीट वागतात. ओळखीतल्या एखाद्याला गिऱ्हाईक बनवून पाठवावं म्हणतो. चेकलिस्ट कशी करू? आणि चूक सापडली तर पोरांना कसं सांगू?

उत्तर:

ओळखीतला माणूस मात्र पाठवू नका, भाऊ. आपल्याकडे गिऱ्हाईक खुर्चीवर टेकायच्या आत ‘कोन्या गावचे?’ हा प्रश्न येतो आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत सोयरीक निघते. तुमचा माणूस तुमच्याच पोरांसमोर दहा मिनिटं टिकणार नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे ओळखलं गेल्यावर पोरं त्याला मुद्दाम चांगलं वागवतील आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे.

मी अकोल्याहून हे काम सतरा वर्षं करते आहे. गाड्या, सोनं, कपडे, ट्रॅक्टर, सगळीकडे माणसं पाठवली. दारव्ह्यासाठी मी कारंजा, मंगरूळपीर किंवा बडनेऱ्याकडचा माणूस निवडेन. त्याची लेक किंवा बहीण तुमच्या भागात दिलेली असेल तर उत्तम, कारण मग तो इकडे का आला याचं खरं उत्तर त्याच्याकडे असतं. त्याला वर्ष-दोन वर्षांत खरोखर गाडी घ्यायची असावी. रचलेली गोष्ट सांगणारा माणूस प्रश्नांना अडखळतो, आणि त्याचं सगळं लक्ष गोष्ट सांभाळण्यात जातं. समोर काय घडतंय ते पाहायचं राहून जातं.

पहिला माणूस पाठवायच्या आधी चौघांना एकत्र बसवून सांगा की येत्या दोन महिन्यांत गुप्त ग्राहक येतील. केव्हा आणि कोण, ते सांगायचं नाही. पण ते काय पाहणार, तो कागद चौघांच्या हातात द्या. मालक लोकांना हे पटत नाही. ‘मग पोरं सावध नाही का होणार?’ असं मला दर वेळी विचारतात. होऊ द्या. दोन महिने येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला गुप्त ग्राहक समजून कोणी नीट वागत असेल, तर तुम्हाला तेच तर पाहिजे आहे. न सांगता केलेली तपासणी पोरांना पाळत वाटते, आणि नंतर तुम्ही खरं बोललात तरी ते ऐकत नाहीत. चोरून आवाज किंवा व्हिडिओ घेणं मी कधीच करत नाही.

आता चेकलिस्ट. माझा एक साधा नियम आहे. दोन अनोळखी माणसांनी एकच प्रसंग पाहिला, तर दोघांचं उत्तर एकच यायला हवं. हे मी करूनच पाहते. मी सेल्समन होते, माझी सहकारी गिऱ्हाईक होते, आणि जी माणसं पाठवायची आहेत ती बाजूला बसून कागद भरतात. ‘वागणूक आपुलकीची होती का?’ या प्रश्नावर पाच जणांची पाच उत्तरं आली होती. तो प्रश्न गेला. ‘हसून बोलला का?’ हाही गेला. काही माणसं मुळात कमी हसतात, त्यात गिऱ्हाईकाचा अपमान नसतो. त्याऐवजी ‘बसायला सांगितलं का’, ‘पाणी विचारलं का’, ‘बोलताना तोंडात खर्रा होता का’ हे ठेवलं. यांची उत्तरं होय किंवा नाही एवढीच येतात, आणि पोरगाही ती नाकारू शकत नाही.

दुचाकीच्या शोरूमसाठी माझ्याकडे दहा प्रश्न आहेत. वीस-पंचवीस प्रश्नांचा कागद करू नका. गुप्त ग्राहकाला तो डोक्यात ठेवून यायचा असतो, कारण शोरूममध्ये लिहिता येत नाही. दारातून आत आल्यापासून पहिला शब्द किंवा खूण व्हायला किती वेळ लागला, हा पहिला प्रश्न. मग बसायला सांगणं आणि पाणी. मग खर्रा. मग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे गाडी कोण चालवणार, रस्ता कसा आहे, रोज किती फिरणं आहे, हे पैशाच्या आधी विचारलं का. एकापेक्षा जास्त मॉडेल दाखवलं का. टेस्ट राइडला स्वतःहून विचारलं का. राइड दिली असेल तर लायसन्स पाहून, हेल्मेट देऊन दिली का. ऑन-रोड किंमत कागदावर फोड करून दिली का. सोबत आलेल्या माणसाशी, विशेषतः बाईशी, एकदा तरी थेट बोलला का. आणि शेवटी, नंबर घेतला असेल तर ४८ तासांत फोन आला का.

यातल्या किमतीच्या प्रश्नावर थोडं थांबते, कारण खेड्यातल्या गिऱ्हाईकाचा विश्वास तिथेच बसतो किंवा तुटतो. नव्या दुचाकीला सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. त्यात टॅक्स, नोंदणी, अ‍ॅक्सेसरीज धरल्या की जाहिरातीतला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा यांत चांगलंच अंतर पडतं. सेल्समनने एक्स-शोरूम, टॅक्स आणि नोंदणी, विमा, अ‍ॅक्सेसरीज असे चार आकडे वेगळे लिहून दिले, तर माणूस तो कागद घरी नेऊन शिकलेल्या पोराला दाखवतो. विमा दुसरीकडून काढता येतो आणि अ‍ॅक्सेसरीज नको म्हणता येतात, हेही त्याला कळतं. नुसता एक मोठा आकडा तोंडी सांगितला, तर तो ‘विचारून सांगतो’ म्हणतो आणि यवतमाळला जातो. म्हणून ‘किंमत नीट समजावली का’ असं मी विचारत नाही. ‘किती आकडे लिहून दिले’ असं विचारते. कागद सोबत आणायचा, तोच पुरावा.

बाईशी थेट बोलण्याचा प्रश्न मी एका भेटीनंतर घातला. गटप्रवर्तकाचं काम करणारी बाई नवऱ्यासोबत स्कूटर पाहायला गेली. गाडी तिची, पैसे तिचे, चालवणार ती. पंचवीस मिनिटांत सेल्समनने तिला एकच वाक्य विचारलं, ते म्हणजे ‘कलर कोणता आवडला, ताई?’ सीटची उंची, पाय टेकतात की नाही, हे सगळं नवऱ्याला सांगून झालं होतं.

प्रत्येक प्रश्नाला तीन घरं ठेवा: होय, नाही, लागू नाही. तिसरं घर नसेल तर चेकलिस्ट अन्यायाची होते. गिऱ्हाईकाकडे लायसन्सच नव्हतं, तर राइड न देणं बरोबर आहे. त्याला ‘नाही’ लिहून गुण कापले, तर नियम पाळला म्हणून पोराला शिक्षा झाली. दहापैकी दोन लागू नसतील, तर उरलेल्या आठांतूनच मोजा.

कागदाच्या डोक्यावर मात्र एक चौकट हवीच. वार आणि वेळ, आत गिऱ्हाईकांची मंडळी किती, मोकळे सेल्समन किती, लाईट होती की नव्हती. ती चौकट नसती तर माझ्या हातून एका पोराची नोकरी गेली असती.

पूर्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी असंच दुचाकीचं शोरूम होतं. तक्रारही तुमचीच, कपडे पाहून बोलतात. पहिल्या भेटीला मी पंचावन्न वर्षांचा शेतकरी पाठवला. धोतर, सदरा, टोपी, खांद्यावर दुपट्टा. बाजाराचा दिवस, दुपारचे बारा चाळीस. सहा मिनिटं त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. मग एक सेल्समन आला आणि पहिलं वाक्य बोलला, ‘कॅश का फायनान्स, काका?’ खुर्ची नाही, पाणी नाही, कागद नाही. होय फक्त दोन. मालकाने कागद वाचला आणि म्हणाले, या महिन्याचा पगार देतो आणि काढून टाकतो.

मी त्यांना चौकट दाखवली. आत पाच मंडळी, मोकळा सेल्समन एकही नाही. एक जण कागद घेऊन आरटीओला गेलेला, दुसरा जेवायला. हा पोरगा एका गाडीच्या डिलिव्हरीच्या पूजेत नारळ हातात धरून उभा होता. सहा मिनिटांचा उशीर त्याचा एकट्याचा नव्हता. पण गर्दीतही ‘काका, बसा, आलोच’ एवढं हात करून सांगता येतं, ते त्याने केलं नव्हतं. ती एक चूक त्याची होती.

दुसरी भेट चार दिवसांनी, दुपारी चारला. शिक्षकासारखा दिसणारा, पँट-शर्टातला, तिशीतला माणूस. तोच सेल्समन. एका मिनिटाच्या आत उठून आला, खुर्ची, पाणी, ‘शाळा किती लांब पडते, सर?’, दोन मॉडेल, राइड, चार आकड्यांचा कागद. लागू असलेल्या नऊपैकी आठ होय. मालक म्हणाले, ‘पाहा, कपडेच पाहतो तो.’ खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. पण दोन भेटींत कपडेही बदलले होते आणि गर्दीही बदलली होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

म्हणून तिसरी भेट. पुन्हा शेतकरी, पण दुसरा, आणि शोरूम रिकामं असताना, सकाळी अकराला. या वेळी एका मिनिटाच्या आत उठला, बसवलं, पाणी दिलं. म्हणजे धोतर पाहून तो तोंड फिरवत नव्हता. पण पाणी देता देताच विचारलं, ‘कॅश का फायनान्स?’ शेतकरी म्हणाला, ‘कापूस विकला की कॅश देतो.’ त्यावर त्याने सगळ्यात स्वस्त गाडी तेवढी दाखवली, राइडचं नाव काढलं नाही आणि किंमत तोंडीच सांगितली. शिक्षकाला मात्र त्याने पैशाचं सगळ्यात शेवटी विचारलं होतं.

आता चूक नेमकी कुठे आहे ते दिसलं. स्वागतात नव्हती. पैशाचा प्रश्न आधी येत होता आणि त्याच्यापुढचं सगळं त्या उत्तरावर ठरत होतं. एका भेटीवर निकाल दिला असता तर हे कधीच कळलं नसतं. म्हणून एका माणसाच्या तीन भेटी होईपर्यंत मी त्याच्याबद्दल मालकाला एक शब्दही सांगत नाही. मधला कागदही देत नाही. त्या वेळी पहिला कागद दिला ही माझीच चूक होती, तेव्हापासून बंद केलं.

मग बोलणं. हे शोरूमच्या मधोमध किंवा संध्याकाळच्या मीटिंगमध्ये कधीच करायचं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. दार लोटून, तो, मालक आणि मी. तिसऱ्या भेटीनंतर दोन-तीन दिवसांत, म्हणजे त्यालाही प्रसंग आठवतो. गुप्त ग्राहक कोण होता ते सांगायचं नाही. उद्या त्या माणसाला बसस्टँडवर कोणी अडवायला नको.

मी आधी चांगल्या भेटीचा कागद वाचला. खूश करायला नव्हे, तर त्याला हे काम येतं हे तिघांनाही मान्य व्हावं म्हणून. मग तिसऱ्या भेटीतल्या दोन ओळी जशाच्या तशा वाचल्या, ‘पाणी देताना विचारलं, कॅश का फायनान्स. राइडचं विचारलं नाही.’ त्यावर माझं मत जोडलं नाही. ‘तू शेतकऱ्यांना कमी लेखतोस’ हे वाक्य तिथे आलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं, कारण तो मनात काय धरतो ते मी पाहिलेलं नाही. मी फक्त विचारलं, ‘हे आधी का विचारावं वाटलं?’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘ताई, फॉर्मचा पयला रकानाच तो हाये. अन् संध्याकाळी साहेब इचारते, फाइल किती झाल्या, किती रिजेक्ट झाल्या. शेतकऱ्याची फाइल रिजेक्ट होते, मंग बोलनं मलेच बसते. म्हून पयले पाहून घेतो.’ शिक्षकाला विचारावं लागलं नाही, कारण पगाराची स्लिप असणारच हे त्याने गृहीत धरलं. राइडचं विचारलं तर म्हणाला, ‘टेस्ट गाडीत अर्धा लिटर पेट्रोल असते. पक्क्या गिऱ्हाइकासाठी ठेवा लागते.’

मालकांचा चेहरा उतरला. चौकशीचा फॉर्म त्यांनीच छापून घेतला होता आणि पेट्रोलचं मापही त्यांचंच होतं. मी नेहमी सांगते की गुप्त ग्राहकाचा कागद सेल्समनबद्दल जेवढं सांगतो त्यापेक्षा जास्त मालकाबद्दल सांगतो, आणि मालकाला तयार राहावं लागतं. त्या दिवशी ठरलं ते असं. फॉर्मचा पहिला रकाना बदलून ‘गाडी कोण चालवणार, रोज किती’ करायचा. कर्जाचा रकाना सगळ्यात खाली. रिजेक्ट झालेल्या फाइलीवरून संध्याकाळी कोणाला बोलायचं नाही. पोराकडून एकच गोष्ट मागितली, की पैशाचं विचारायच्या आधी गाडीच्या वापराचे दोन प्रश्न. पाच गोष्टी एकदम सांगितल्या तर माणूस एकही धरत नाही. त्याची बाजू त्याने त्याच कागदाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहिली आणि सही केली. पुढे कधी कोणी तो कागद काढला, तर दोन्ही बाजू एकत्र निघतात.

पाच आठवड्यांनी पुन्हा तीन भेटी झाल्या, माणसं नवी. तिन्ही वेळा वापराचं आधी विचारलं. राइड दोनदा विचारली, तिसऱ्या वेळी टेस्ट गाडी एका गावच्या मेळ्याला गेली होती, म्हणून ‘लागू नाही’. बाजाराच्या दिवशी पहिला शब्द यायला तरी पाच मिनिटं लागलीच. त्यावर पोराला काही बोलून उपयोग नव्हता, माणूस कमी पडत होता. मालकाने बाजाराच्या दिवशी आरटीओची फेरी बंद केली आणि पूजा दुपारी तीननंतर ठेवल्या.

आता पोरांवर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी, ज्या सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. तुमची पोरं इन्सेंटिव्हवर काम करत असतील. गुप्त ग्राहक त्यांची पंधरा-वीस मिनिटं घेतो आणि गाडी घेत नाही. म्हणून भेट वीस मिनिटांच्या वर जाऊ द्यायची नाही, किंमत ताणून घासाघीस करायची नाही, बुकिंगची आशा दाखवायची नाही. दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं असेल तर उठून जायचं. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया आणि त्यांच्या आधीचे दोन दिवस माणूस पाठवायचाच नाही.

दुसरी गोष्ट नंबराची. गुप्त ग्राहक आपला खरा नंबर देतो, कारण ४८ तासांतला फोन मोजायचा असतो. पण ती चौकशी पोराच्या नावावर पडून राहते. तो महिनाभर फोन करत बसतो, आणि महिन्याअखेर ‘इतक्या चौकश्या, इतकीच विक्री’ म्हणून त्याचाच हिशेब बिघडतो. तीन भेटी संपल्या की त्या तीन चौकश्या त्याच्या हिशेबातून वगळा आणि त्याला तसं सांगा.

वेळेची नोंद घड्याळ पाहत उभं राहून करायची नाही. माझी माणसं दारात शिरताना मला एक मिस्ड कॉल देतात आणि बाहेर पडल्यावर दुसरा. भेट किती वेळाची झाली ते माझ्या फोनवर राहतं. आतली वेळ ते शोरूमच्या भिंतीवरच्या घड्याळावर पाहतात, म्हणून तुमचं घड्याळ चालू आहे ना ते आधी बघा. कागद अर्ध्या तासाच्या आत भरायचा, बसस्टँडवर बसून. संध्याकाळी घरी जाऊन भरलेल्या कागदात माणूस राग किंवा कौतुक मिसळतो, हे मी दोन वेळा अनुभवलं, म्हणून तसा कागद मी घेत नाही, भेट पुन्हा करते.

तुमच्याकडे चौघं आहेत म्हणजे बारा भेटी लागतील. प्रत्येकाच्या वाट्याला एक शेतकरी, एक नोकरदार आणि एक बाई येऊ द्या, आणि तिघांपैकी किमान दोन भेटी शोरूम रिकामं असताना. कोण सेल्समन समोर येईल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे तीन-चार भेटी जास्तीच्या धरा. माणसाला प्रवासखर्च आणि अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, मग भेट कशीही झाली असो. चूक सापडली तरच पैसे, असं ठेवलंत तर चुका सापडतच राहतील.

आणि माणसं पाठवायच्या आधी तुमचा चौकशीचा फॉर्म आणि टेस्ट गाडीची टाकी, दोन्ही एकदा उघडून पाहा.